पेण की एडन?

पत्र कोणत्या देशातून आलं हे तिकिटावरून कळतं, असं आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण १९२५ साली अरबस्तानाच्या टोकावरच्या एडन बंदरातून एखाद्याने वडखळला घरी पत्र धाडलं, तर त्यावर जे तिकीट लागे तेच तिकीट वडखळहून पेणला जाणाऱ्या पत्रावरही लागे. पंचम जॉर्जचा दाढीवाला चेहरा, वर मुकुट, आणि भारतीय टपालाचं नाव. तिकिटाकडे कितीही वेळ पाहत बसलात, तरी पत्र समुद्र ओलांडून आलं की गाडीवाटेने आलं, हे समजणार नाही. ते सांगतो तो फक्त गोल शिक्का. आणि तो नेमका पुसट असतो.

एडनमध्ये भारतीय तिकिटं का, याचं उत्तर मुंबईतच आहे. १८३९ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने एडन घेतलं, आणि पुढे जवळजवळ शतकभर ते बंदर मुंबई इलाख्याचा भाग म्हणून चाललं. कारभार मुंबईचा, शिबंदी मुंबईची, टपालही भारताचं. १ एप्रिल १९३७ ला एडन ब्रिटिश सरकारची स्वतंत्र वसाहत झाली, तेव्हा कुठे तिथे शिडाच्या गलबताचं चित्र असलेली स्वतःची तिकिटं आली. कुलाबा जिल्ह्याला तर एडन हे नाव फार आधीपासून ठाऊक होतं. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांना तिथल्याच तुरुंगात ठेवलं होतं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथेच वारले.

असं एडन एकटंच नव्हतं. मस्कत, बुशायर, बसरा, बगदाद, झांजिबार या ठिकाणी निरनिराळ्या काळात भारतीय टपालखात्याची कचेरी होती आणि भारतीय तिकिटं चालत. त्याही आधी, १८६७ पर्यंत, सिंगापूर आणि पेनांगलाही. मुंबईचे जाल कूपर हे तिकिटांचे मोठे जाणकार. त्यांनी ‘इंडिया यूज्ड अब्रॉड’ या नावाचं पुस्तक याच एका विषयावर लिहिलं: तिकीट भारताचं, पण शिक्का परदेशातला. संग्राहकांच्या बाजारात अशा तिकिटाची किंमत शिक्क्यावर ठरते. तिकीट तेच, त्यावर पुण्याचा शिक्का असला तर कोणी वळून पाहत नाही, झांजिबारचा असला तर बोली लागते.

माझ्या पाहण्यातलं एक पाकीट घेऊ. पत्ता बाळबोध अक्षरात, बोरूने लिहिलेला: मुक्काम वडखळ, पोस्ट पेण, जिल्हा कुलाबा. शाई काळी असणार, आता तपकिरी पडली आहे. पत्त्याखाली दुसऱ्या हाताने, लाल शाईत, रोमन लिपीत ‘पेण, कुलाबा’ असं लिहिलं आहे. हे पत्र पाठवणाऱ्याचं अक्षर नव्हे. टपाल छाटणाऱ्या कारकुनांपैकी सगळ्यांना देवनागरी वाचता येत नसे, म्हणून वाटेत कोणीतरी ठिकाणाचं नाव रोमन लिपीत लिहून पुढच्याचं काम सोपं करी. पेणहून वडखळला जाणाऱ्या पत्रावर याची गरज कशाला पडेल? पहिली शंका इथेच येते: हे पत्र लांबून आलेलं आहे. अर्थात लांबून म्हणजे रत्नागिरी की रंगून, हे त्यावरून ठरत नाही.

पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात एक आण्याचं चॉकलेटी रंगाचं तिकीट आहे. त्याच्या उजवीकडे आणखी एक तिकीट असणार, कारण तेवढा कागद खरवडून निघालेला आहे. घरातल्या कोणा मुलाने वहीत चिकटवायला ते काढून नेलं असावं आणि त्याच्यासोबत शिक्क्याचा उजवा भागही गेला. जुन्या पाकिटांची ही नेहमीची कथा आहे. राहिलेल्या शिक्क्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतं ते इतकंच: वर्तुळाची डावीकडची कड, तिच्या आत ‘ई’ आणि ‘एन’ ही दोन रोमन अक्षरं, आणि मधल्या भागात तारखेचे काही तुकडे. पाकीट उलटलं की मागे दुसरा शिक्का, तोही अर्धवट, आणि त्यातही पुन्हा ‘ई’ आणि ‘एन’!

गंमत अशी की रोमन लिपीत पेण हे नाव पी, ई, एन असं तीन अक्षरांत लिहितात आणि एडन ए, डी, ई, एन असं चार अक्षरांत. शेवटची दोन अक्षरं दोन्हींकडे तीच. एक गाव खाडीच्या काठचं, दुसरं बंदर साडेसोळाशे सागरी मैलांवरचं, आणि पुसट शिक्क्यात दोघांचा अवशेष सारखाच उरतो.

आधी तो पुसट का होतो ते पाहू, कारण वाचायचा कसा हे त्यावर अवलंबून आहे. काळा शिक्का काळाने उडतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती बरीचशी चुकीची आहे. शिक्क्याच्या काळ्या शाईत रंग असतो तो काजळीचा, म्हणजे कार्बनचा, आणि कार्बन उन्हाने विटत नाही. पत्त्याची शाई तपकिरी पडते कारण ती लोहाची असते, हवेशी तिची प्रक्रिया चालूच राहते. निळ्या-जांभळ्या रंगद्रव्याच्या शाया उजेडात उडतात. काजळीचा शिक्का मात्र आज पुसट दिसत असेल, तर तो बहुधा पहिल्या दिवसापासूनच पुसट होता. गादीवर शाई कमी होती, शिक्क्याची कड झिजली होती, किंवा पाकिटाच्या आत पत्राची घडी जिथे संपते तिथे उंचसखल असल्याने धातूचा ठसा एका बाजूनेच टेकला. वर्षानुवर्षं पाकीट घासून वरचे काजळीचे कण थोडे झडतात, हेही खरं. पण जे कण धाग्यांत रुतले ते तिथेच असतात. म्हणजे आपल्याला गेलेली शाई परत आणायची नसते. उरलेली शाई बाकीच्या गोंगाटातून वेगळी काढायची असते.

गोंगाट म्हणजे तिकिटाचा रंग, त्यावरचं नक्षीकाम आणि पिवळा पडलेला कागद. इथे स्कॅनर फार कामाचा आहे. पाकीट रंगीत स्कॅन करायचं, इंचाला १२०० ठिपके इतकं बारीक. प्रत्येक रंगीत चित्र आत तीन करड्या चित्रांचं बनलेलं असतं: लाल, हिरवं आणि निळं. ही तिन्ही सुटी करता येतात. जिंप नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ही आज्ञा आहे:

```
Colors → Components → Decompose
```

चॉकलेटी तिकिटातून परतणाऱ्या उजेडात लाल भाग सर्वांत जास्त असतो. म्हणून सुट्या केलेल्या लाल चित्रात तिकीट फिकट होतं, राजाचा चेहरा अर्धामुर्धा विरून जातो. काजळी मात्र लाल, हिरवा, निळा सगळाच उजेड गिळते, त्यामुळे ती तिन्ही चित्रांत काळीच राहते. पिवळा कागदही लाल चित्रात जवळजवळ पांढरा होतो. तिकीट मावळतं आणि शिक्का वर येतो. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहताना माणूस खुर्चीत पुढे सरकतोच. तिकीट निळं असेल तर उलट निळं चित्र पाहायचं. काळ्या किंवा गडद राखी तिकिटावर काळा शिक्का असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण वेगळं करायला रंगच नाही. तिथे तिरपा उजेड कामी येतो. खोलीत अंधार करून पाकिटाला जवळजवळ समांतर असा बॅटरीचा झोत टाकायचा. जोरात मारलेल्या शिक्क्याने कागद दबलेला असतो आणि त्या खोलगट रेषेची सावली पडते, शाई लागलेली नसली तरीही.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. पाकीट ओलं करू नये, आणि ‘नीट दिसावं म्हणून’ पेन्सिलीने अक्षरं गिरवू नयेत. गिरवलेला शिक्का पुराव्याच्या कामाचा राहत नाही, कारण गिरवणाऱ्याला जे वाटलं तेच पुढच्याला दिसतं.

आपल्या पाकिटावर लाल चित्रातून एवढं मिळालं: ‘ई’च्या डावीकडे शाईचा एक छोटा, वाकडा तुकडा. तो अक्षराच्या तळरेषेजवळ आहे, उजवीकडे फुगलेला. तुकडा नखाच्या टोकाएवढा, पण निकाल लावणारा. कारण ‘पी’ या अक्षराचं पोट फक्त वरच्या अर्ध्या भागात असतं, खाली नुसता उभा दांडा. ‘डी’चं पोट तळापर्यंत येतं. तळाशी उजवीकडे फुगवटा असेल तर तो ‘पी’ असूच शकत नाही. म्हणजे पुढचा शिक्का पेणचा नव्हे. ‘डी-ई-एन’ने संपणारा शब्द आहे. जगात असे पुष्कळ आहेत, ड्रेस्डेन आहे, लायडेन आहे. पण तिथल्या टपालकचेरीत भारताचं तिकीट चालत नव्हतं. भारतीय तिकिटाच्या राज्यात या शेवटाचं ठळक बंदर एकच.

देश तर मिळाला. पण एडनच्या कोणत्या कचेरीत हे पत्र पडलं? इथे शिक्क्याची भूमिती कामाला येते आणि या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे.

गोल शिक्का बनवणारा कारागीर नाव वरच्या कमानीवर मध्य धरून बसवी. नावाचा मध्य घड्याळाच्या बाराच्या जागी आला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली पाहिजे. म्हणून एखादं अक्षर बारापासून किती सरकलं आहे हे मोजलं, की न दिसणारी अक्षरं किती हे काढता येतं. त्यासाठी आधी वर्तुळाचं केंद्र हवं, आणि आपल्याकडे तर कडेचा तुकडाच आहे. शाळेत शिकलेलं प्रमेय इथे उपयोगी पडतं: वर्तुळावरचे कोणतेही तीन बिंदू घ्या, ते जोडणाऱ्या दोन रेषांचे लंबदुभाजक काढा, ते जिथे छेदतात ते केंद्र. कडेचा एक तृतीयांश भाग शिल्लक असेल तर केंद्र चांगलं अचूक येतं. मग ‘वर’ कुठली बाजू? तारीख केंद्रातून आडवी जाते, तिला काटकोनात काढलेली रेषा बाराकडे जाते. शिक्का पाकिटावर कितीही वाकडा मारलेला असो, तारखेची ओळ त्याची दिशा सांगते.

आता मोजमाप. वर्तुळाचा व्यास साधारण २५ मिलिमीटर. अक्षरं केंद्रापासून सुमारे १० मिलिमीटरवर. एक अक्षर आणि त्यापुढची फट मिळून साडेतीन मिलिमीटर, म्हणजे केंद्राशी सुमारे २० अंश. एका अक्षराला एक पाऊल म्हणू. शिक्क्यात नुसतं पेण असेल तर तीन अक्षरांतलं मधलं ‘ई’ बरोबर बारावर येतं. नुसतं एडन असेल तर चार अक्षरांचा मध्य ‘डी’ आणि ‘ई’च्या फटीत पडतो, म्हणून ‘ई’ बाराच्या उजवीकडे अर्धं पाऊल, जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकतं. इतका फरक भिंगाखाली सहज मोजता येतो.

आपल्या पाकिटावर ‘ई’ उजवीकडे नाहीच. ते बाराच्या डावीकडे पुरी दोन पावलं आहे, ‘एन’ एक पाऊल, आणि बारावर कागद कोरा. फाटलेला नव्हे, कोरा. म्हणजे नावाचा मध्य रिकाम्या जागेत आहे. डावीकडे चार अक्षरांचा शब्द आहे, तर उजवीकडे, गेलेल्या भागात, चार अक्षरांचाच दुसरा शब्द असायला हवा. एडनच्या कचेऱ्यांत बसेल असा तो शब्द आहे: कॅम्प. रोमन लिपीत त्याची अक्षरं चार. एडन कॅम्प म्हणजे बंदरावरची मोठी कचेरी नव्हे, ती स्टीमर पॉइंटला होती. कॅम्प म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या द्रोणात वसलेलं मूळ गाव आणि छावणी, ज्याला क्रेटर म्हणतात. पत्र लिहिणारा गोदीवर नव्हे, गावात किंवा छावणीत राहत होता, किंवा निदान त्या दिवशी तिथे होता. जी चार अक्षरं कागदावरून नाहीशी झाली आहेत ती उरलेल्या दोन अक्षरांच्या जागेने सांगितली!

या पद्धतीला मर्यादा आहेत. दुसरा शब्द पाच अक्षरांचा असता तर ‘ई’ आणखी अर्धं पाऊल डावीकडे गेलं असतं. आपली मोजणी पाव पावलाने चुकली तर चालतं, अर्ध्याने चुकली तर कचेरी बदलते. केंद्र काढताना कडेचा तुकडा फार लहान असेल, किंवा शिक्का मारताना हात सरकून कड दुहेरी उमटली असेल, तर अर्ध्या पावलाची चूक सहज होते. शिवाय ‘आय’ सारखं अरुंद आणि ‘डब्ल्यू’ सारखं रुंद अक्षर नावात असेल तर सगळी पावलं सारखी धरता येत नाहीत. म्हणून जाणकार माणूस त्याच कचेरीचा दुसरा, स्वच्छ शिक्का शोधतो, तोही स्कॅन करतो, आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतो. जुळले तर जुळले. कडेची जाडी, अक्षराचा आकार, तारखेची मांडणी, सगळंच एकदम तपासलं जातं.

याच हिशोबाने पेनांगही ओळखता येतं. रोमन लिपीत त्याची पहिली तीन अक्षरं म्हणजे अख्खं पेणच. पण सहा अक्षरांच्या नावात ‘ई’ डावीकडे दीड पाऊल असतं, बारावर कधीच नाही. आणखी एक फसवी जोडी आपल्या घरातली आहे: कुलाबा जिल्हा आणि मुंबईचं कुलाबा. जिल्ह्याचं नाव रोमन लिपीत ‘के’ने सुरू होई, मुंबईतलं कुलाबा ‘सी’ने. पहिलं अक्षर पुसलं की बाकीच्या शिक्क्यावरून अलिबाग-पेणचं पत्र मुंबईच्या दांडीवर जाऊन बसतं. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, तेव्हापासून हा घोळ मिटला.

आता मागची बाजू. तिथल्या शिक्क्यात ‘ई’ बरोबर बारावर आहे आणि डावीकडे, तळाशी, नुसता उभा दांडा. हा पेण. पोहोचल्याचा शिक्का मागे मारायची तेव्हा पद्धत होती, म्हणजे मागचा शिक्का हा प्रवासाचा शेवट. दोन्हीकडच्या तारखा आता ताडून पाहता येतात. पुढे ‘१४’ आणि महिन्याच्या जागी फक्त शेवटचं अक्षर, ‘बी’. इंग्रजी महिन्यांच्या तीन अक्षरी रूपांत ‘बी’ने संपणारा एकच, फेब्रुवारी. हे नशीब. ‘एन’ उरला असता तर जानेवारी की जून हे ठरलं नसतं, ‘आर’ उरला असता तर मार्च की एप्रिल. मागे ‘२१’ स्पष्ट आहे. सात दिवस. बारा-तेरा नॉट वेगाच्या बोटीला एडनहून मुंबईला यायला पाच-साडेपाच दिवस लागणार. मग मुंबईत छाटणी, आणि तिथून पुढे खाडी. पेणला अजून रेल्वे नव्हती, मुंबईहून स्टीमर धरमतरला लागे आणि पुढचा रस्ता गाडीचा. वडखळ त्याच धरमतरच्या रस्त्यावर आहे. म्हणजे पत्र बहुधा वडखळवरून पुढे पेणला गेलं, तिथे शिक्का खाल्ला आणि टपालवाल्याच्या पिशवीतून पुन्हा वडखळला परत आलं. सात दिवसांचा हिशोब बरोबर बसतो. हेच पत्र पेणहून निघालेलं असतं तर एवढ्याशा वाटेला आठवडा लावण्याचं कारण नव्हतं.

सगळेच शिक्के गावाचं नाव सांगायला तयार नसतात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. त्यांच्या छावणीतून कोकणात येणाऱ्या पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता क्रमांक असे, ठिकाण मुद्दाम दडवलेलं. तिथे अक्षरं मोजून काही साधत नाही. क्रमांक वाचायचा आणि त्या तारखेला ती कचेरी कुठल्या तळावर होती हे लष्करी टपालाच्या याद्यांत पाहायचं. कचेरी फौजेबरोबर फिरे, त्यामुळे तारखेशिवाय क्रमांकाला अर्थ नाही. उलट टोक म्हणजे आजचे शिक्के. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, मूळचे वेळणेश्वरचे, म्हणजे कोकणातलेच, आणि संस्कृतचे पंडितही. आता शिक्क्यात पुष्कळदा पिनही असतो. त्यातले ‘४०२’ एवढे तीन आकडे दिसले तरी रायगडात पोहोचलोच.

उरलं वर्ष. शिक्क्यात वर्षाचे दोनच आकडे असत आणि आपल्याकडे पहिला ‘२’ पूर्ण, दुसऱ्याची फक्त खालची वाटी. वाटी डावीकडे उघडी आहे, म्हणून ‘६’ आणि ‘८’ गेले, कारण त्यांची वाटी मिटलेली असते. ‘०’ मिटलेला, ‘२’ सपाट तळाचा, ‘१’, ‘४’ आणि ‘७’ सरळ दांड्यावर उभे. राहिले ‘३’ आणि ‘५’, आणि शेपूट वळवून लिहिलेला असेल तर ‘९’. इथे तिकीट पुन्हा बोलतं. एक आण्याचं पंचम जॉर्जचं तिकीट आधी लाल होतं, चॉकलेटी रंग १९२२ मध्ये आला. म्हणजे त्याआधीचं वर्ष नाही, आणि हे आकड्यांशी जुळतंच. वरची मर्यादा जलचिन्हावरून मिळते. लंडनला छापलेल्या तिकिटांच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एकच मोठा तारा असे. १९२६ पासून तिकिटं नाशिकच्या छापखान्यात निघू लागली आणि त्यांच्या कागदात लहान लहान अनेक तारे आले. तिकीट पाकिटावरून न काढता हे पाहायचं तर पाकीट उघडून आतून बारीक उजेड टाकायचा. कागद पातळ असल्याने इथे तारा दिसला: एकच. जुना साठा काही महिने खपत राहिला असेल, पण १९२९ पर्यंत तो एडनच्या गल्ल्यात पडून राहणं अवघड. १९२३ किंवा १९२५.

या दोन वर्षांत १४ फेब्रुवारी वेगवेगळ्या वारी येते: १९२३ मध्ये बुधवार, १९२५ मध्ये शनिवार. टपालाची बोट वाराने बांधलेली असते. १९२३ असेल तर बोट मुंबईला सोमवारी किंवा मंगळवारी लागायला हवी, तरच बुधवारी २१ ला पत्र पेणला पोहोचेल. १९२५ असेल तर ती गुरुवारी किंवा शुक्रवारी आली पाहिजे. मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं बंदरात आलेल्या बोटींची नावं रोज छापत. एशियाटिक सोसायटीत जुन्या अंकांच्या बांधलेल्या फायली आहेत. त्यातल्या फेब्रुवारी १९२३ आणि फेब्रुवारी १९२५ च्या तिसऱ्या आठवड्याची पानं काढायची आणि एडनहून आलेली बोट कोणत्या वारी लागली ते पाहायचं.